हॅडबाईंचा अर्धा धडा

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना सगळे हॅडबाई म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. बाईंचं आणि ‘हॅड’चं हाडवैर. आपण ‘काल बाजारात गेले होते’ असं सहज बोलतो आणि मग इंग्रजीतही ‘यस्टर्डे आय हॅड गॉन’ ठोकून देतो. “एकच गोष्ट सांगताय ना? मग ‘वेंट’ म्हणा, संपलं! हॅड काय मिठासारखं भुरभुरता?” बाई कडाडायच्या. नोकरीत निवृत्ती आली, आवाजात नाही.

गेल्या तासाला त्यांनी सगळ्यांच्या वाक्यांतले हॅड असे उपटले की वर्ग हसून लोटपोट झाला. हॅड कधी लागतं, ते मात्र राहून गेलं. वेळ संपली. “उरलेलं पुढच्या वेळी,” म्हणून त्यांनी फळा पुसला.

आज दुपारी बाई कपड्यांना इस्त्री करत होत्या, तेवढ्यात चिमणीचा निरोप आला. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यांत बुजरी मुलगी, इस्पितळात परिचारिका. तिच्या वॉर्डातल्या एका आजोबांची ऑक्सिजनची नळी निघाली होती. आजोबा वाचले, पण आज चौकशी होती आणि नव्या मोठ्या डॉक्टरांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. चिमणीने काय सांगायचं ते लिहून पाठवलं होतं. खाली मोठ्या कौतुकाने: ‘बाई, सगळे हॅड काढून टाकले!’

बाईंनी वाचलं, ‘व्हेन आय एंटर्ड द रूम, द ट्यूब केम आउट.’ ही आत गेली आणि नळी निघाली! म्हणजे हिच्याच हाताने? हिच्याच धक्क्याने? नळी तर आधीच निघालेली होती, निरोपात मराठीत तिने तसंच लिहिलं होतं. उलटा क्रम लावून सांगायचं, नंतरचं पुढे आणि आधीचं मागे, तर त्या आधीच्याला हॅड हवंच. आणि तेच बाईंनी पुढच्या वेळेवर ढकललं होतं.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. “अहो, इस्त्री बघा!” असं नवऱ्याला ओरडून सांगत त्या चपला घालून निघाल्या. रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. पोरीची नोकरी जाईल. घरात कमावणारी ती एकटी. आणि सगळं माझ्या अर्ध्या धड्यापायी.

चौकशीच्या खोलीबाहेर शिपायाने हात आडवा केला. आतून चिमणीचं रडं ऐकू आलं. बाईंनी दार ढकललंच.

“डॉक्टर, चूक माझी आहे,” त्या धापा टाकत इंग्रजीत म्हणाल्या. “मी हिला अर्धंच शिकवलं. नळी हिच्या येण्याआधीच निघाली होती. हॅड कम आउट!”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही तेव्हा खोलीत होतात?”

“नाही.”

“मग हे तुम्ही सांगताय. तिने वेगळं सांगितलंय. आता तिने बोलणं बदललं, तर ते तुम्ही पढवलं असं मी का समजू नये?”

मदतीला धावलेल्या बाईंनीच पोरीला आणखी खोलात लोटलं होतं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं, आणि चिमणीला म्हणाले, “पहिल्यापासून सांग. तुला काय दिसलं, काय केलंस.”

दार लागलं. बाई बाकावर बसल्या, पदराचं टोक चुरगाळत. शिपायाने पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं. आत चिमणी बोलू लागली, एकेक शब्द जमिनीवर पाय टेकवल्यासारखा. “आय एंटर्ड द रूम. द ट्यूब वॉज ऑन द फ्लोर. द अलार्म वॉज रिंगिंग. आय रॅन टू द बेड. आय पुट द ट्यूब बॅक. आय कॉल्ड द डॉक्टर.”

मग डॉक्टरांचा आवाज, “म्हणजे तू गेलीस तेव्हा ती निघालेलीच होती?”

“येस, सर. इट हॅड कम आउट.”

थोड्या वेळाने चिमणी बाहेर आली. डोळे सुजलेले. “उद्या ड्यूटीवर ये म्हणाले, बाई. अलार्मची वेळ यंत्रात आहे, मी दारातून आत गेले त्याच्या आधीची. ती तपासणार आहेत.” मग घाबरून विचारलं, “बाई, मी एवढ्या सगळ्यात हॅड फक्त एकदाच म्हटलं. चुकलं का?”

बाईंनी तिला जवळ ओढलं. रडू फुटलं ते बाईंनाच.

“नाही गं. एकदाच लागत होतं.”