‘शेवटी’ म्हटलं की पेटवा

हणमंत कुरणे सर हात उचलायचे. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला त्यांची वकील म्हणायला नको. मी त्यांच्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवलं आणि गॅदरिंगचं निवेदन केलं, आणि त्या वीस वर्षांत दर डिसेंबरात त्यांनी कोणाच्या ना कोणाच्या कानाखाली वाजवलेली मी पाहिली आहे. माणूस पी.टी.चा, अंगानं तालमीतला, कानाची पाळी कुस्तीत चुरगळलेली. गावात चोवीस तास यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे साधं बोलणंही ओरडून. आणि डोक्यात राग असा, की बोलायच्या आधी हात पोचायचा. मला ते कधीच पटलं नाही. मी त्यांना तोंडावर रानरेडा म्हणाले आहे, आणि ते हसून म्हणाले होते, “बाई, रेडा हाय म्हणून तर गाडा ओढतोय.”

गाडा म्हणजे गॅदरिंगचा मिनिटाचा कागद. कितव्या मिनिटाला काय, कोणत्या बाजूनं किती पोरं आत, कोणत्या बाजूनं बाहेर, माईक उभा की हातातला, पडद्यापुढे काय चालू आणि तेवढ्यात पडद्यामागे काय मांडायचं, सगळं त्यात. बालवाडी पहिल्या अर्ध्या तासात, कारण नंतर ती झोपतात नाही तर रडतात. एका नाचातलं पोर लगेच पुढच्या नाचात नाही, कारण कपडे बदलायला वेळ लागतो. भाषणं नेहमी पडद्यापुढे, कारण मागे ठाकठोक करायला तेवढीच फुरसत. हा कागद कुरणे सर मोडू देत नसत. मोडायला येणाऱ्याला ते मोडत.

मागच्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष धनपालराव कडोले यांचा पुतण्या नाच चालू असताना मोबाईल घेऊन विंगेत घुसला. सरांनी त्याला मानगुटीला धरून पायऱ्यांवरून खाली फेकला. त्याचा ओठ फाटला, शर्टाची बटणं मंडपभर उडाली. दुसऱ्या दिवशी सरांकडून लिहून घेतलं, पुन्हा हात उचलला तर नोकरी गेली. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. धाकटी मुलगी नर्सिंगला. सरांनी सही केली आणि वर्षभर हात खिशात घालून हिंडले. खरंच सांगते, त्या वर्षी ते मला म्हातारे वाटले.

कागदही काढून घेतला. तो बिरनाळे बाईंकडे गेला. विज्ञानाच्या, नवीन, हुशार, कॉम्प्युटरवर रंगीत रकाने पाडणाऱ्या. सरांना डाव्या विंगेत उभं राहायचं काम दिलं. बाईंनी एक नवा रकाना घातला होता, ‘इशारा’. म्हणजे काय ऐकलं की काय सुरू करायचं. चांगली कल्पना होती. पण अध्यक्षांच्या भाषणासमोर त्यांनी लिहिलं, “‘शेवटी’ म्हटलं की पलिते पेटवा.”

सरांनी तो कागद तालमीच्या दिवशी वाचला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मी तिथेच होते.

“सर, हे ‘शेवटी’ खोडा. पेटवायचं ते ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ झाल्यावर. तवर मी निवेदनाला दोन मिनिटं देतो.”

“अहो कुरणे, ‘शेवटी’ म्हणजे शेवटीच की,” बिरनाळे बाई म्हणाल्या.

“बाई, तुमी विज्ञानवाल्या. पुढाऱ्याचं ‘शेवटी’ म्हणजे आत्ता कुठं कंठ फुटलाय.”

मुख्याध्यापक चहा ढवळत म्हणाले, “यंदा तुम्ही फक्त उभं राहायचं, कुरणे. बोलायचंसुद्धा नाही.” सरांचा हात खिशातून अर्धा बाहेर आला आणि परत आत गेला.

मर्दानी खेळ ही आमच्या शाळेची शान. नववीच्या आठ मुली, लाठी, पट्टा आणि शेवटी दोन्ही हातांत पेटते पलिते घेऊन फिरणं. यंदा बाईंना सुरुवातच आगीनं हवी होती. पडदा उघडला की आठ मुली पेटत्या पलित्यांनी किल्ल्यासमोर. पलिते उजवीकडच्या अंगणात पेटवायचे, उजव्या विंगेतून आत यायचं आणि फिरवून झाले की डाव्या विंगेत ओल्या पोत्यात विझवायचे. पाण्याची बादली, पोती, वाळू, सगळं डावीकडे, सरांजवळ. कागदावर हे अगदी बरोबर होतं, वेळ बरोबर असती तर.

मी उजव्या विंगेत होते. पडद्यापुढे कडोले साहेब बोलायला उभे राहिले. त्यांना सात मिनिटं होती. मागे पुठ्ठ्याचा किल्ला पडद्याला लागून, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा राहिला, दोऱ्यांनी ताणलेला. उजव्या विंगेच्या पायऱ्यांवर कोळीनृत्याची चाळीस पोरं नायलॉनच्या लुगड्यांत येऊन दाटली, कारण कागदावर त्यांनी तेव्हाच यायचं होतं. सातव्या मिनिटाला साहेब म्हणाले, “आता शेवटी एवढंच सांगतो...”

अंगणात भसकन उजेड झाला. सोळा पलिते विंगेत आले, आणि कोळणी त्यांच्या मागे परत दाटल्या.

“...की शिक्षण म्हणजे काय?” साहेब म्हणाले, आणि त्यांनी आपल्या आजोबांपासून सुरुवात केली.

पहिलं मिनिट सगळे हसरे होते. मग रॉकेल ठिबकायला लागलं. पुढे आफरीन मुजावर होती, मागावर काम करणाऱ्या शमशादची मुलगी, अंगानं काटकुळी. तिच्या डाव्या पलित्याची चिंधी सैल झाली होती. जळती धार तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. ती ओरडली नाही. “बाई, बाई, भाजतंय,” एवढंच म्हणाली. पुढे पुठ्ठा, मागे नायलॉन, खाली चटई. टाकायचं कुठे? भाषण सुरू झालं की माझा माईक बंद होतो, तेही कागदावर होतं. मी पडद्याच्या फटीतून बाहेर गेले आणि साहेबांच्या कानाशी म्हणाले, “साहेब, आवरा, आत पलिते पेटलेत!”

“बघा!” साहेब माईकवर गरजले. “बाई म्हणतात पेटलेत! अशीच पेटली पाहिजे आपली पिढी!” टाळ्या पडल्या. मला तेव्हा त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि आजही वाटतो.

डावीकडे सरांनी उजेड पाहिला होता. पडद्याचा दोर शिदगोंडा शिपायाच्या हातात.

“वड रे!” सर ओरडले.

“जय हिंद झाल्याबिगर वडायचा न्हाई, तुमचाच नियम हाय सर.” आणि शेजारी उभ्या मुख्याध्यापकांनी वरून दोरावर हात ठेवला, “उघडलास तर उद्या येऊ नकोस.” सरांनी त्यांना मारलं नाही. हे मला शिदगोंड्यानं शपथेवर सांगितलं. त्यांनी ओलं पोतं उचललं आणि, मागे किल्ल्यानं वाट अडलेली म्हणून, पडद्यापुढून पळत उजवीकडे निघाले.

ते साहेबांच्या मागून निघूनही गेले असते. पण साहेबांनी त्यांची कॉलर धरली. हसत धरली, लोकांसाठी. “हे आमचे कुरणे सर! आज काय, पोतं घेऊन आलाय मला त्यात घालायला?” मंडप हसला.

“सोडा. पोरी जळायल्यात.”

“थांबा हो, शेवटी एक किस्सा...”

सरांनी मारलं. चापट नव्हती ती. मूठ नाकावर बसल्याचा आवाज माईकनं मैदानभर पोचवला, ओलं लाकूड फोडल्यासारखा. साहेब स्टँडसकट उताणे पडले, पांढऱ्या शर्टावर रक्त. सरांनी पडलेला माईक उचलला आणि छाती फाडून ओरडले, “जय हिंद! जय महाराष्ट्र!”

शिदगोंड्यानं दोर ओढला. वीस वर्षांची सवय, मुख्याध्यापकांचा हात दोराबरोबर वर गेला. पडदा फाकला आणि आठ मुली मोकळ्या जागेत पुढे धावल्या, किल्ल्यापासून दूर, कोळणींपासून दूर. सरांनी आफरीनचा हात धरून पोत्यात गुंडाळला, तिचे दोन्ही पलिते पायाखाली चिरडले. तेवढ्यात साहेबांची माणसं वर चढली.

साहेबांचा उजवा हात भरमू पुढे, त्याच्या मागे चौघं. पहिली खुर्ची सरांच्या पाठीवर मोडली. सर आफरीनला डाव्या विंगेकडे ढकलून वळले, एकाला खांद्यावरून पहिल्या रांगेत फेकलं, दुसऱ्याचा जबडा हलवला. मग कोणीतरी मुलींची लाठी उचलली. ती सरांच्या गुडघ्यावर बसली. सर खाली गेले आणि मग फक्त बूट दिसत होते. बरगड्या, तोंड, पुन्हा तोंड. बायका किंचाळत होत्या, मागच्या रांगेत मात्र काही लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं नाटक बसवलंय. उरलेल्या सात जणींनी कोणी सांगितलं नसताना पलिते पोत्यात विझवले आणि लाठ्या घेऊन भरमूवर धावून गेल्या. नववीच्या मुली! एकीनं त्याच्या नडगीवर असा घाव घातला की तो बसलाच. मी मध्ये पडले, माझ्या बांगड्या फुटल्या, कोणाच्या तरी गालात मी नखं रुतवली. मला त्याची लाज वाटत नाही.

सरांचे दोन दात गेले, तीन बरगड्या आणि गुडघा. आफरीनचा हात कोपरापर्यंत सोलला. कोळणींपैकी एकीलाही ठिणगी लागली नाही.

महिन्यानं संस्थेची बैठक झाली. साहेब नाकाला पट्टी लावून बसले होते. भरमूचं नाव कोणी काढलं नाही. बिरनाळे बाई मात्र रडत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चूक माझ्या कागदाची आहे. साहेबांनी त्यांना बसवलं. दाराशी बाकावर शमशाद आफरीनला घेऊन बसली होती, हात पट्टीत.

साहेब म्हणाले, “कुरणे, आम्ही काही कसाई नाही. दोन वर्षं राहिलीत तुमची. सगळ्यांसमोर माफी मागा, विषय मिटवू.”

सर कुबडीवर उठले. मला वाटलं, मागतील. मागावी असंही वाटलं, मुलीची फी डोळ्यांसमोर आली. सर साहेबांकडे वळलेच नाहीत. कुबडी टेकत बाकापर्यंत गेले आणि शमशादसमोर मान खाली घालून उभे राहिले.

“ताई, मी हात उचलायला उशीर केला. नोकरीचा इचार करत बसलो. पोरीला भाजलं. माफ करा.”

शमशाद उठली. तिनं काही म्हणायच्या आधी आफरीननं पट्टीतल्या हातानं सरांची कुबडी सरळ केली, ती घसरत होती.

“घरला चला सर,” शमशाद म्हणाली. “हितं काय ठेवलंय?”

तिघं बाहेर गेली. साहेबांनी सरांच्या बडतर्फीचा ठराव वाचायला सांगितला, आणि तो वाचून होईपर्यंत खोलीत कोणी वर पाहिलं नाही.