गज चार बोटं अलीकडेच राहिला

कोल्हापुरातल्या एका लहानशा संग्रहालयात मी गाईड आहे. आमच्या तलवारी काचेआड असतात, पण एक चकमकीची बंदूक टेबलावर ठेवलेली असायची, पोरांना जवळून दाखवायला. मलकापूरकडच्या एका घरात ती भिंतीला टांगलेली होती, त्या लोकांनी ती आम्हाला दिली. आठ वर्षं मी ती शाळेच्या सहलींपुढं नाचवली. आपल्यासारखा शहाणा न्हाय, असं वाटायचं मला.

माझं बोलणं ठरलेलं. "पोरांनो, आधी मोजून दारू नळीत ओतायची. मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी. मग हा लोखंडी गज घालून ठासायची." गज नळीत सोडायचा, तो तळाला लागला की पुढं बोलायचं. "आता मागच्या ह्या वाटीत चिमूटभर बारीक दारू. तिला रंजक म्हणायचं. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातली गार, म्हणजे चकमकीचा दगड, ह्या पोलादावर आपटते, ठिणगी रंजकात पडते, आणि ह्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आग आत शिरते." मग रिकाम्या वाटीवर घोडा पाडून ठिणग्या काढायच्या आणि एकेकाला नळीत डोळा लावायला सांगायचं. "काय दिसतंय? अंधार? बरोबर."

त्या सकाळी आजऱ्याकडची शाळा यायची होती. दर खंडेनवमीला आम्ही हत्यारांना तेल लावतो, धूप फिरवतो. वर्षानुवर्षांच्या त्या तेलानं आणि काजळीनं बंदुकीचा कान बुजला होता. मी म्हटलं, पोरांना भोक नीट दिसू दे. दाभण घालून कान मोकळा केला, काळा मळ निघाला, आणि मी स्वतःवरच खूश झालो. 

पोरं आली, त्यांच्या बाई मागं उभ्या राहिल्या. मी घोडा मागं ओढून चढवला, गज नळीत सोडला आणि नेहमीचं बोलायला लागलो. पुढं उभी असलेली सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, गज खरंच तळाला गेला का?"

"मग काय वाटंत अडकला व्हय?" मी म्हटलं. पोरं हसली.

ती काही हलली नाही. "आमचे आप्पा बोअर मारतात. दोरी टाकली की बाहेर काढून मोजतात. आवाजावर जायचं न्हाय म्हणतात. तुमचा तर लोखंडावर लोखंड लागल्यासारखा आवाजच आला न्हाय."

मला राग आला. आठ वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. तिची जिरवावी म्हणून मी नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा दाबला, गज बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून धरला. अंगठा नळीच्या तोंडाशी, टोक मागं. नळी रिकामी असेल तर टोक कानापर्यंत पोचायला हवं. ते चार बोटं अलीकडेच राहिलं.

म्हणजे आत चार बोटं काहीतरी ठासलेलं होतं. कान मीच मोकळा केला होता. घोडा चढलेला होता. आणि रांगेतला पहिला पोरगा, माझी वाट न बघता, नळीच्या तोंडाला डोळा लावायला वाकला होता.

मी त्याला असा ढकलला की तो बाईंच्या पायांत जाऊन पडला. त्या चिडल्या, "अहो, अंगावर हात काय टाकताय?" मी म्हटलं, "बाई, सगळ्यांना घेऊन बाहेर व्हा. आत्ता." माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि पोरांना घेऊन बाहेर गेल्या. मी नळी जाड दगडी भिंतीकडं वळवली, घोडा अंगठ्यानं घट्ट धरला, चाप दाबला आणि घोडा सावकाश खाली आणला. ते दोन क्षण लई मोठे होते.

दुसऱ्या दिवशी जाणकार माणूस आला. त्यानं कानातून पाणी सोडलं, मग नळीत पीळदार आकडा फिरवून कुजकी चिंधी ओढून काढली. मागून गोळी आली, बोराएवढी. तिच्यामागची दारू बरीचशी चिखल झाली होती, पण मधला खडा कोरडाच होता. अंगणात फरशीवर त्याचा चुरा ठेवून त्यानं लांबून काडी लावली. भस्सकन जाळ उठला. "दारू म्हातारी होत न्हाय, पावणं," तो म्हणाला. "इतकी वर्षं बंदुकीच्या कानातल्या मळानं वाचवलं म्हणायचं."

त्या मुलीच्या शाळेला मी पत्र लिहिलं, तिचे आभार मानले, ढकललेल्या पोराची माफी मागितली. संग्रहालयाच्या साहेबांनी मला झापलं, ते बरोबरच होतं. ते सगळं निभलं.

निभत नाही ते घरी आहे. माझी पोरगी पहिलीत असताना मी तिला एकदा संग्रहालयात आणलं होतं. स्वयंपाकघरात, फ्रिजवर, तिचा त्या दिवसाचा फोटो आहे. ती नळीत डोळा लावून हसतेय आणि घोडा चढवलेला आहे. चापावरचं बोट माझं आहे. बायको म्हणते, तिचा इतका गोड फोटो दुसरा नाही. मी अजून बायकोला काही सांगितलेलं नाही.