न पडलेली थप्पी

वखारीत सगळे तिला वहिनी म्हणत आणि तिच्या पाठीमागे ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का बघतो त्या दोरीवरून. कापलेल्या ओल्या फळ्यांची थप्पी लावणं हे तिचं काम. खालचा पाया सपाट हवा, प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या हव्यात आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या डोक्यावर. पट्टी जरा सरकली की फळी वाकते, मग थप्पी झुकते. झुकलेली थप्पी वहिनी उतरवायची आणि पुन्हा लावायची. "कुणाला दिसतंय, वहिनी?" असं कुणी म्हटलं की म्हणायची, "फळीला दिसतंय."

तिचा नवरा लाकूड कापायच्या आऱ्यावर माझा जोडीदार. पगारी सुट्टीसाठी तो माणसं जमवत होता. मुकादमाने आणखी दोघांना घेऊन त्याला मागच्या शेडमध्ये गाठलं, काठ्यांनी मारलं आणि तो हलेनासा झाल्यावर शेजारची थप्पी त्याच्या अंगावर ढकलली. आम्ही आऱ्यावरच्या तिघांनी पाहिलं, सांगितलंही. आमचं कोण ऐकतो? ठरलं असं, की थप्पी पडली. थप्पी वहिनीची. म्हणजे नवरा गेलाच, वर तिच्या हातून गेला.

तिचा धाकटा दीर शाळेत शिकवायचा. त्याने यावर कादंबरी लिहायला घेतली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, काय हवं ते लिहा. थप्पी पडली नाही, एवढं मात्र दिसू द्या."

मारहाणीचं प्रकरण त्याने आम्हाला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. एकेक फटका होता. कुठे बसला, काय तुटलं, आवाज कसा झाला. पहिल्या फटक्याला आम्ही अंग चोरलं. पुढे पुढे अंग सैल पडत गेलं. शेवटी तर माणसं पुढे सरकून ऐकत होती.

"आयला, तो दाताचा भाग परत वाच की, मास्तर!" फळ्या सुकवणारा भट्टीवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं जण फळी घेऊन तोच फटका एकमेकांना करून दाखवत होते. हसत होते. वाईट माणसं नव्हती. वहिनीने ते पाहिलं.

"भाऊजी, तुम्ही ऐकणाऱ्याला मुकादमाच्या शेजारी उभं केलंत," ती संध्याकाळी म्हणाली. "तिथून काठी छान दिसते. मार खाणारं नाव असलेलं माणूस होतं, ते दिसत नाही. काढा ते फटके."

दिराने काढलं. मेहनत घेतली, ते नाकारत नाही. आता त्या प्रकरणात शेडमध्ये कुणी जातच नव्हतं. बायको बाहेर पट्ट्या मोजते आहे. आरा मध्येच थांबतो. नळावर तिघं हात धुतात, एक जण कोपरापर्यंत धुतो. मग ती आत जाते. विखुरलेल्या फळ्या, त्यातून बाहेर आलेली एक चप्पल. प्रकरण संपलं.

हे वाचलं तेव्हा कुणाचा घास उचलला गेला नाही. जे लिहिलं नव्हतं ते ज्याने त्याने आपल्या घरातलं माणूस तिथे ठेवून भरलं. भट्टीवाला उठून बाहेर गेला. वहिनी रडली. "आता बरोबर," म्हणाली.

पुस्तक निघालं. नाव झालं. वाचनालयातल्या कार्यक्रमाला गर्दी होती. पहिल्या रांगेत मुकादम, डोळे पुसत. नंतर एक बाई वहिनीचा हात धरून म्हणाली, "किती संयमाने लिहिलंय हो! काही न सांगता सगळं कळतं."

"काय कळलं?" वहिनीने विचारलं.

"हेच, की फळ्या अंगावर पडल्या आणि तुम्ही स्वतःला कधी माफ केलं नाहीत."

वहिनीने हात सोडवून घेतला. फटके काढताना थप्पी ढकलणारे हातही निघून गेले होते. ज्यांना खरं ठाऊक होतं, त्यांना नळावरचे हात पुरले. इतरांनी रिकाम्या जागेत वखारीतलं ठरलेलंच भरलं.

ती दिराकडे गेली. "पुढच्या आवृत्तीत एक ओळ घाला. फटका नको, रक्त नको. तिघांनी खांदा लावून थप्पी ढकलली, एवढंच."

"वहिनी, त्या ओळीने सगळी शांतता मोडेल. वाचकावर विश्वास ठेवायला हवा."

"मुकादमही वाचकच आहे, भाऊजी. त्याचा तुमच्यावर फार विश्वास आहे."

दुसरी आवृत्ती निघाली. ओळ नव्हती. ती पुन्हा दिराच्या दारात गेली नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा वहिनी कामावर होती. पुस्तकाची एक प्रत मुकादमाच्या टेबलावर असते. नवीन माणूस आला की त्याला सांगतो, "वाचून काढ. थप्पी नीट न लावल्याने काय होतं ते कळेल." परवा मी वखारीत गेलो होतो. वहिनीची थप्पी उभी होती, ओळंब्यात, कुठेही पट्टी सरकलेली नाही. एक नवीन कामगार ओझं घेऊन आला, थप्पीकडे बघून थबकला आणि लांबचा वळसा घालून गेला.

वहिनीने पाहिलं आणि पुढची पट्टी ठेवली.