दंड छातीपर्यंतच आला

परवा जुळे सोलापुरात भाच्याच्या मुंजीत माझी चांगलीच फजिती झाली... आणि झाली ते बरं झालं, असं आता वाटतंय.

मी सुतारकाम करतो, सुरतला फर्निचरच्या साइटवर. आमच्यात बरेच जण मुंज लग्नाच्या आदल्या दिवशी उरकून टाकतात. माझीही तशीच उरकतील. पण ताईनं ठरवलं, तिचा समर्थ आठ वर्षांचा झालाय, आत्ताच करायची. पोराला काहीतरी कळेल तरी.

दोन महिने आधीपासून तिचे फोन. चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत तिनं बघितलं होतं... चांदीच्या वाट्या, शर्टपीस, पाकिटं. सगळं त्या मुलाच्या आईच्या कपाटात गेलं आणि पोरगं रिकाम्या खोक्यांशी खेळत बसलं. म्हणून ताईनं पाहुण्यांना सांगून टाकलं, द्यायचंच असेल तर आठ वर्षाच्या पोराला वापरता येईल असं द्या. गोष्टीचं पुस्तक, रंग, बॅडमिंटन, काहीही.

तिच्या सासूबाई नाराज. भिक्षावळीत तांदूळ, लाडूच घालायचे, दुकान मांडायचं नाही, म्हणाल्या. शेवटी गुरुजींनी मिटवलं. आधी मूठभर तांदूळ झोळीत, मग ज्याला जे द्यायचं ते. तांदूळ गुरूचे, बाकीचं बटूचं.

मामा म्हणून सोवळं आणि पळी-पंचपात्र माझ्याकडे होतं. शिवाय बटूच्या हातात द्यायचा पळसाचा दंड मीच करणार, असं मी फोनवर छातीठोकपणे सांगितलेलं. सुतार मामा असताना बाजारातनं कशाला आणायचा? सुरतेत एका ओळखीच्याकडनं पळसाची फांदी मिळवली, साल काढली, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केली. आणि खास भेट म्हणून प्लास्टिकचा सुतारकामाचा सेट घेतला. पिवळी हातोडी, लाल करवत. मागं ताईकडं राहिलो होतो तेव्हा हा पठ्ठ्या माझ्या पिशवीतली हातोडी सोडायचाच नाही...

पण तेव्हा तो चार वर्षांचा होता. मधे चार वर्षं मी गावाकडं फिरकलोच नव्हतो. एका जागी माझा पाय ठरत नाही, कधी वापी, कधी सुरत. व्हिडिओ कॉलवर तोंड दिसतं, उंची कुठं दिसते?

मुंजीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचलो. समर्थनं खोका उघडला. हातोडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "छान आहे मामा." मग शेजारच्या तीन वर्षाच्या पोरीला देऊन टाकली. रडला असता, रुसला असता तर चाललं असतं. पण ते शहाण्यासारखं 'छान आहे' लई लागलं मला.

एवढ्यात गुरुजी तयारी बघायला आले. मी मोठ्या थाटात दंड काढला. त्यांनी तो समर्थजवळ उभा धरला... छातीपर्यंतच आला!

"मामा, दंड बटूच्या कपाळापर्यंत लागतो. हा कुणाच्या मापाचा केलात?"

दाजी हसायला लागले. "चार वर्षाचाच हाय की अजून भाचा, मामाच्या डोक्यात!" सगळे हसले. मीही हसलो, पण तोंड पडलं होतं. माप न घेता लाकूड कापायचं नाही, हे मी रोज नव्या पोरांना सांगतो. आणि भाच्याचंच माप घेतलं नव्हतं.

हत्यारांची पिशवी घेतली, दाजींची गाडी काढली आणि समर्थला मागं बसवून कुंभारीला गेलो. तिथं दाजींच्या मित्राच्या बांधावर पळस आहे. सरळ फांदी निवडली. त्याला झाडाला टेकून उभा केला, टेपचं एक टोक त्याच्या टाचेखाली दाबलं. त्यानं स्वतःच कपाळाशी टेपवर बोट ठेवलं आणि वळून आकडा वाचला, "एकशे सतरा!" मग हळूच विचारलं, "मामा, मी कापू? खऱ्या करवतीनं?"

मी फांदी धरली, त्यानं कापली. जीभ बाहेर काढून, घामाघूम होऊन... पण मधेच सोडली नाही.

परत येताना शुक्रवार पेठेत थांबलो. एक हलकी हातोडी घेतली, तीन मीटरचा टेप, बारीक खिळे. घरी येऊन हातोडीचा दांडा तासला, त्याच्या मुठीचं माप घेऊन. आता माप घेतल्याशिवाय काही नाही.

दुसऱ्या दिवशी मातृभोजन झालं. आईच्या ताटातला शेवटचा घास खाताना तो हसत होता, ताई मात्र डोळे पुसत होती. मेखला बांधली, जानवं घातलं, दंड हातात आला. बरोब्बर कपाळाला!

भिक्षावळीत पहिली भिक्षा ताईनं घातली. माझी पाळी आल्यावर मी मूठभर तांदूळ टाकले आणि वर हातोडी ठेवली. समर्थनं दांडा मुठीत धरून बघितला. 'छान आहे' म्हणालाच नाही... डाव्या हातानं माझा शर्ट धरला आणि सोडेचना.

नंतर त्यानं रीतीप्रमाणे झोळी गुरुजींसमोर ठेवली. गुरुजींनी तांदूळ घेतले आणि हातोडी परत दिली. "हे तूच ठेव बाबा. मला खिळा ठोकायला सांगितलं तर बोटच चेचेन."

सासूबाईंनी चांदीचा गडू दिला. तो कपाटात गेला, जाऊ दे, तोही त्याला मोठेपणी लागेलच.

काल सुरतेत पोचलो. ताईनं फोटो पाठवलाय... बाल्कनीत फळकुटांचं कसलं तरी वाकडं स्टूल, शेजारी नवा बटू. खिशात टेप.

गुरुजी, तुम्ही तो दंड उभा धरलात म्हणून कळलं. आता दिवाळीला येणार, आणि येताना अंदाजानं काही आणणार नाही. आधी त्याला भिंतीला उभा करून बघणार, केवढा झालाय ते.