पापड आणि तीन पुठ्ठे

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या पापडवाल्या शेठकडे मी एकटीने त्यांच्या पापडाच्या जाहिरातीच्या कल्पना दाखवायला निघाले, तेव्हा बाबांनी सज्जड दम भरला होता. "हे काम मिळालं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून आमच्या फॅक्टरीत टायपिस्ट." बाबा आनंदनगरच्या फॅक्टरीत ऑफिसर. बोललेलं करून दाखवणारा माणूस! मला तर रडूच येत होतं.

केबलवर दाखवायची वीस सेकंदांची जाहिरात होती. चित्रं काढलेले तीन पुठ्ठे मी दिवाणावर मांडले. शेठाणींनी सिंधी घरातल्या रीतीप्रमाणे पापड-पाणी पुढे ठेवलं. आता कुरुमकुरुम करत बोलू कशी? मी ताटली बाजूला सारली.

पहिली कल्पना माझी लाडकी. पापड आल्याशिवाय नवरी हारच घालत नाही! लग्नसराईत पापड खपतो, म्हणून लग्न. पण हॉल, कलाकार, जिंगल, दोन दिवसांचं शूटिंग, सगळ्यांत महाग. दुसरीत वर्गात चोरून पापड खाणारी पोरं आणि चिडलेले मास्तर. मुलं हट्ट करतील, आया घेतील. एक खोली, एक दिवस, मधला खर्च. तिसरी निव्वळ भरती, तीन दाखवायच्या म्हणून काढलेली. सुरुवातीला शांतता, एक हात, मग पापड मोडल्याचा आवाज. टीव्हीसमोर घरभर गोंगाट असतो, शांतता पडली की माणूस वर बघतो, असं मी घाईघाईत सांगून टाकलं. खर्च सगळ्यांत कमी, फक्त आवाज नीट रेकॉर्ड करायला हवा.

शेठ कॅल्क्युलेटर बडवत होते. "शादीवाली बहुत महंगी है, बेटी. दुसरीत पापड कमी, मास्तर जास्त." तिसरीबद्दल चकार शब्द नाही. संपलं, म्हटलं. टायपिस्ट!

तेवढ्यात शेठाणी म्हणाल्या, "इतना बोली पापड के बारे में, खाया एक भी नहीं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पापडवाल्याच्या घरात पापड तसाच! तो सादळलेला त्यांनी उचलून नेला आणि नवा भाजून आणला. खोलीत कुणीच बोलेना. मी खाली मान घालून मोडला.

कर्रकन् आवाज झाला. शेठची बोटं थांबली, मान वर आली.

शेठाणी खळखळून हसल्या. "देखा? यही तीसरीवाली!" शेठही हसले. "हां भई, मी पण बघितलं की!"

मी तिथेच रडले, आणि रडतरडत उरलेला पापड खाल्ला. जाहिरातीत हात शेठाणींचाच घेतला.

जाहिरात लागली त्या संध्याकाळी अंबरनाथच्या घरी बाबा पेपर वाचत होते. टायपिस्टचा अर्ज अजून त्यांच्या बॅगेतच होता. टीव्ही एकदम गप्प झाला, मग पापड मोडला. बाबांनी पेपरातून मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही. आईला हाक मारली, "अगं, घरात पापड आहे का?"

मग थोड्या वेळाने म्हणाले, "दोन भाज. हिलाही दे."