चौथं प्रकरण आमचं

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मला इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवायचंच, हे त्यांनी घरी येऊन वडिलांना पटवलं.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी मी आणि माझा खोलीतला मित्र, आम्ही पानांच्या फोटोंवरून कांद्याचा रोग ओळखणारं संगणकाचं मॉडेल केलं. फोटो एका कृषी महाविद्यालयाने सर्वांसाठी खुले ठेवलेले. कोड एका परदेशी संशोधकाचा. मॉडेलला शिकवताना क्वचित दिसणारा रोग ओळखण्यात झालेल्या चुकीला जास्त वजन द्यायची युक्ती एका शोधनिबंधातली. आमची भर एवढीच, की एकाच रोपाचे फोटो शिकवणीच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही गटांत गेलेले आम्हाला दिसले, म्हणजे चाचणीत मॉडेल आधी पाहिलेलीच रोपं ओळखत होतं. रोपानुसार गट वेगळे केल्यावर अचूकता बरीच घसरली, पण ती खरी होती. अहवालाचं चौथं प्रकरण याच कामाचं.

अहवाल उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला, तर दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्याचे टक्के जास्त आले. मित्राने बसून वाक्यं बदलली आणि बदललेल्या प्रत्येक वाक्यामागचा संदर्भही काढून टाकला.

"उतरले टक्के," तो म्हणाला.

"संदर्भ कुठे गेले?"

"वाक्यं आता आपली आहेत. संदर्भ कशाला?"

"युक्ती त्यांचीच आहे ना अजून?"

"म्हणजे कोड कोणाचा तेही लिहिणार तू. मग परीक्षक विचारतील, तुम्ही काय केलंत? चहा?"

त्याची भीती खोटी नव्हती. प्रकल्पाची श्रेणी चांगली आली, तरच एक कंपनी आम्हाला मुलाखतीला बोलावणार होती. तरी मी हटलो नाही. शेवटी दोघं मार्गदर्शक मॅडमकडे गेलो.

मॅडमनी पानं चाळली. "सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं. शब्द बदलून कल्पना तुमची होत नाही. अचूकता कशी काढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला संदर्भ नसला तरी चालेल. ही युक्ती मात्र कोणाची तरी आहे. आणि कोडचा परवाना वापरायची मुभा देतो, मूळ लेखकाचं नाव पुसायची नाही."

"मॅडम, मग आमचं फार थोडं उरतं," मित्र म्हणाला.

"जेवढं उरतं तेवढं ठळक लिहा."

आम्ही सगळे संदर्भ परत घातले. फोटो कोणाचे, कोड कोणाचा, त्यात आम्ही कुठे बदल केला, सगळं लिहिलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, तुम्ही काय केलंत? मी तोंड उघडायच्या आत मित्रच म्हणाला, "सर, चौथं प्रकरण आमचं. बाकीचं ज्यांचं, त्यांची नावं दिली आहेत."

निकाल लागल्यावर मी बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, नमस्कार. अहवालाची प्रत पाठवतो आहे. श्रेणी मनासारखी मिळाली नाही, त्यामुळे त्या कंपनीची मुलाखत हुकली. दुसरीकडे अर्ज केले आहेत, आणखीही करतो आहे. या कामातलं बरंचसं दुसऱ्यांचं आहे. कोणाचं काय, ते जागोजागी लिहिलं आहे. शाळेतल्या मुलांना दाखवाल तेव्हा सगळं मी केलं असं कृपया सांगू नका. चौथं प्रकरण मात्र जरूर दाखवा."