तीन घरं पुढे

बाईंबद्दल चांगलं लिहायचं ठरवून बसले आहे, पण पहिलं वाक्य खरंच लिहायचं तर ते असं आहे: त्या आमच्या ऑफिसात आल्या त्या दिवसापासून त्या माझ्या डोळ्यांत खुपत होत्या.

आमचं काम तसं साधं. निरनिराळ्या कारखान्यांतले कामगार महिन्याच्या एक तारखेला एक फॉर्म भरतात. हजेरीच्या यंत्राशेजारी संगणकाचा एक पडदा आणि कीबोर्ड लावलेला असतो, त्याच्यावर. नाव टाकायचं नाही, फक्त प्रत्येकाला मिळालेला क्रमांक टाकायचा. शेवटचा प्रश्न असतो, ‘आणखी काही सांगायचं आहे?’ तिथे लोक काय वाटेल ते लिहितात, आपल्याच भाषेत पण इंग्रजी अक्षरांत. ते वाचून आम्ही वर्गवारी करायची: पगार, पाणी, पंखे, मुकादम. आणि निव्वळ बोटं आपटलेली असली की ‘कचरा’. अकरा वर्षं मी हे करत होते आणि कचरा काढण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या एका खोलीत आणखी चारजणी होत्या, त्यांना अडलं की साहेब सांगायचे, ‘त्यांना विचारा.’ त्या म्हणजे मी.

मग बाई आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, चष्म्याला साखळी, साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. बावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, तो बंद पडला, आणि घरी बसवेना म्हणून नोकरी. धाकट्या बहिणीकडे राहायच्या. बोलायच्या कमी, आणि काम करताना दहाही बोटं टेबलाच्या कडेवर ठेवून बसायच्या. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो, कारण ‘ताई’ म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी त्यांच्यापुढे एक ओळ धरली: asdfas dfasdf sdfa. बाई म्हणाल्या, “हा उभा आहे. उजव्या हातात पिशवी किंवा डबा. डाव्या हाताने मारलंय.”

“कशावरून?” साहेबांनी विचारलं.

“सगळी अक्षरं डाव्या हाताच्या मधल्या ओळीची आहेत. कंटाळलेली बोटं बसल्या जागेवरून उठत नाहीत, साहेब. शेजारच्या बटणावर जातात आणि परत येतात.”

साहेबांनी तोंडात बोटं घालायचीच बाकी ठेवली होती. अकरा वर्षं मीही असल्या ओळी फेकत होते, पण त्यातली पिशवी कधी दिसली नाही. संध्याकाळी घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “बाई भारीच दिसतात.” त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्त पडलं.

पण खरा जळफळाट पुढे झाला. माझ्या कचऱ्याच्या यादीवरून बाई सहज नजर फिरवत होत्या. “ही ओळ का टाकलीस गं?” त्यांनी विचारलं. dibib cflbs. मी म्हटलं, “बाई, याला काही अर्थ आहे का?”

“अर्थ मलाही माहीत नाही. पण हे आपटलेलं नाही. बघ, बोट डावीकडून उजवीकडे, वरून खाली नुसतं उड्या मारतंय. आळशी माणूस एवढी मेहनत घेत नाही. आणि पहिल्या शब्दात ib दोनदा आलंय.”

त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्यांवर a ते z लिहिलं, एकीखाली दुसरी ठेवली, आणि खालची एकेक घर सरकवत गेल्या. पहिल्याच घराला ओळ वाचता आली. लिहिणाऱ्याने प्रत्येक अक्षराऐवजी पुढचं अक्षर लिहिलं होतं. dibib म्हणजे chaha. cflbs म्हणजे bekar. चहा बेकार.

अख्खं ऑफिस हसलं. साहेबांनी ती पट्टी फळ्याला लावून ठेवली. आणि वर म्हणाले, “विभागप्रमुखाची जागा भरायचीय. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या बैठकीत ठरवू.” हे म्हणताना ते बघत होते बाईंकडे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती खुर्ची माझी होती. अकरा वर्षं मी तिच्याकडे बघत आले होते, आणि ही बाई चार महिन्यांत, एका बेकार चहाच्या जोरावर, तिच्यावर बसणार.

वाईट म्हणजे बाई भाव खात नव्हत्या. खाल्ला असता तर निदान मला त्यांना मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. उलट मी विचारलं नव्हतं तरी त्या मला समजावून सांगत होत्या. “आपलं लिखाण इंग्रजी अक्षरांत लिहिलं की a सगळ्यांत जास्त येतो,” त्या म्हणाल्या. “अक्षरं सरकवली तरी ते जास्त येणं जात नाही, फक्त दुसऱ्या अक्षराच्या वाट्याला येतं. म्हणून आधी मोजायचं. आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा आला की समजायचं, हा कोणाच्या तरी तोंडचा शब्द आहे.” मी पडद्याकडे बघत, ऐकत नसल्यासारखी ऐकत होते. घरी गेल्यावर मीही दोन पट्ट्या कापल्या. ह्यांनी विचारलं, “काय शिवायला घेतलंस?” मी पट्ट्या पर्समध्ये टाकल्या.

बारा तारखेला धुलाईच्या कारखान्याची फाइल माझ्याकडे आली. चादरी, टॉवेल, गणवेश धुऊन इस्त्री करून देणारा मोठा कारखाना. क्रमांक ४१७ ची शेवटच्या प्रश्नातली ओळ अशी होती:

pdjfkbd gdudod nxoxs dvwd nrql ydfkwd nd

बोट जवळजवळ ‘कचरा’ बटणावर गेलं होतं. मग थांबलं. x नंतर o, मग पुन्हा x. बोटाला इकडून तिकडे पळावं लागतं. मी d मोजले. चौतीस अक्षरांत दहा. d हा जर a असेल तर ओळ तीन घरं पुढे सरकवली आहे. पट्टी तीन घरं मागे घेतली आणि अक्षरं एकेक करून खाली उतरत गेली.

magchya darala kulup asta koni vachta ka

मागच्या दाराला कुलूप असतं. कोणी वाचतं का.

मग मी मागच्या महिन्याची कचऱ्याची यादी उघडली. ४१७ तिथेही होता, किंवा होती. pdjfkbd gdudod nxoxs dvwd. तेच चार शब्द, अक्षर न अक्षर तेच. मीच टाकले होते. फॉर्म भरताना मुकादम मागे उभा राहतो, असं त्या कारखान्यातल्या दोघांनी पूर्वी लिहिलं होतं. त्याला वाचता येऊ नये म्हणून हे सगळं. आणि दुसऱ्या महिन्यात त्या माणसाने हळूच विचारून पाहिलं होतं, कोणी आहे का पलीकडे.

आमच्याकडे सोय होती. ओळीवर खूण केली की ती साहेबांकडे जाते, सरकारी तपासणीसाला कळवलं जातं, आणि त्या क्रमांकाने पुढच्या वेळी फॉर्म उघडला की वरती एक वाक्य दिसतं: तुमचं म्हणणं वाचलं आहे. खूण करायला एक क्षण लागतो.

मी ती केली नाही. त्या दिवशी खूण केली असती तर साहेबांनी ओळ बघून पहिली हाक मारली असती, “बाई, जरा या इकडे.” सगळे बाईंच्या टेबलाभोवती जमले असते. बाई शिकवतात, मग कोणालाही जमतं, असं झालं असतं. मला बैठक हवी होती. सगळे समोर बसलेले, फळ्यावर ती ओळ, आणि पट्टी माझ्या हातात. मधे एक तारीख येते, ४१७ फॉर्म उघडेल आणि वरती काहीच दिसणार नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. लक्षात आलं होतं. मी स्वतःला म्हटलं, दोन महिने थांबलाय, आणखी चार दिवसांनी काय होतंय.

वीस तारखेच्या सुमाराला बाईंनी विचारलं, “धुलाईवाल्यांच्या फाइलीत काही वेगळं सापडलं का गं? तिथली माणसं हल्ली काहीच लिहीत नाहीत, मला ते बरं वाटत नाही.”

“नाही बाई,” मी म्हटलं. “नेहमीचाच कचरा.”

पाच तारखेला बैठक माझीच झाली. मी d मोजून दाखवले, दोन महिन्यांतला सारखा तुकडा दाखवला, पट्टी सरकवली. शेवटचा शब्द खाली उतरला. साहेबांनी तिथूनच तपासणीसाला फोन लावला. खुर्ची मला मिळाली. बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. “छान वाचलंस,” म्हणाल्या. “कधी आली ही ओळ?”

“आत्ताच,” मी म्हटलं. त्यांनी फळ्यावर ओळीशेजारी लिहिलेल्या गेल्या महिन्याच्या तारखेकडे पाहिलं. मला आकाश ठेंगणं व्हायला हवं होतं. मला फक्त बाईंनी हात सोडावा असं वाटत होतं.

सहा तारखेला धुलाईची नवी फाइल आली. मी सगळं सोडून ४१७ शोधला.

fjdksl jfkdls lskdjf fjd

मी पट्टी लावली. तीन घरं. नाही. एक, दोन, चार, पाच. पंचवीसही घरं सरकवून झाली, एकही शब्द उतरला नाही. या वेळी वेगळी युक्ती केली असेल, पट्टीऐवजी दुसरं काही असेल, असं म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जेवायची सुट्टी होऊन गेली. शेवटी मी कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी गेले. विभागप्रमुख झाल्यावर पहिल्याच दिवशी.

बाईंनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवून बोटं हलवून पाहिली.

“यात काही लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “एकवीस अक्षरं, त्यात वेगवेगळी सहाच. सगळी जवळजवळ सारख्या वेळा आलीत. दोन्ही हात मधल्या ओळीवर ठेवून आपटलंय, रांगेत मागच्याला वाट करून द्यायला.”

“पण बाई, ही तीच व्यक्ती आहे. तिला लिहिता येतं. ती नेहमी लिहिते.”

“लिहायची,” बाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्मची तारीख पाहिली, एक तारीख, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

आठवड्याभराने तपासणीसाचं पत्र आलं, मागचं दार उघडलं गेलं. ४१७ ने त्यानंतर दर महिन्याला फॉर्म भरला, दर महिन्याला तशीच सहा बटणं. वरती आता ते वाक्य दिसत असेलही, पण ते वाचून कोणी काही लिहिलं नाही. नियमाप्रमाणे अशी ओळ कचऱ्यात जाते, आणि कचऱ्याच्या यादीवर विभागप्रमुखाची सही लागते. मी दर महिन्याला आधी पंचवीस घरं सरकवून पाहते, आणि मग सही करते.